घडी, धूळ आणि लालसर झाक

घडी पडलेल्या फोटोवर धूळ, मोड आणि रंगांची उतरण ही तिन्ही दुखणी बहुधा एकत्रच असतात, आणि स्कॅन करणारा तिन्हींवर एकच औषध लावायला जातो. सॉफ्टवेअरमधले ‘जुना फोटो सुधारा’ असे बटण दाबले की काम संपले, असा त्याचा समज असतो. पण धूळ फोटोच्या वर बसलेली असते, मोड पृष्ठभागात उमटलेला असतो आणि रंग त्याच्याही आतल्या थरांतून गेलेले असतात. धूळ काचेवरच घालवावी लागते. मोडाचा निम्मा उपाय काचेवर होतो, निम्मा पडद्यावर. रंग मात्र पडद्यावरच दुरुस्त होतात, तेही स्कॅन करताना पुरेशी माहिती टिपली असेल तरच.

उदाहरणादाखल एक फोटो घेता येईल. साल १९७९, साडेतीन बाय पाच इंचांचा रंगीत फोटो. पाटावर बसलेले नवरानवरी, तिच्या अंगावर हिरवा शालू, दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, मागे सिमेंटची न रंगवलेली भिंत. फोटो कोणीतरी पाकिटात मावावा म्हणून आधी उभा आणि मग आडवा दुमडला. आज उभी घडी नवरीच्या खांद्यावरून जाते, आडवी नवऱ्याच्या हनुवटीखालून. सगळा फोटो विटकरी-लाल दिसतो, आणि शालू हिरवा होता हे केवळ घरच्यांनी सांगितले म्हणून कळते.

फोटोचा कागद साधा कागद नसतो. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. कृष्णधवल फोटोत त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात, तर रंगीत फोटोत एकावर एक तीन रंगद्रव्ये असतात. जुन्या कागदात जिलेटिनखाली बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र लेप असे. घडीवर जी पांढरी रेघ दिसते ती बहुधा याच लेपाची, कारण वरचे जिलेटिन तडकून गळून गेलेले असते. १९७०च्या सुमारास कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे अस्तर असलेले प्रकार आले. त्यात रेघ बारीक पडते, पण अस्तर वाकून कायमचा उंचवटा राहतो. जिलेटिन गेले तिथली माहिती गेली, आणि ती कोणत्याही स्कॅनरला परत आणता येत नाही. नुसता उंचवटा असेल तर माहिती शाबूत असते, फक्त तिच्यावर उजेड वेडावाकडा पडतो. स्कॅन करण्याआधी फोटो खिडकीच्या उजेडात तिरपा धरून पाहिला, तर घडीचा कोणता भाग कोणत्या प्रकारचा आहे हे मिनिटाभरात कळते.

घडी सपाट करायची म्हणून ती उलट दिशेला दुमडू नये. जिलेटिन उरलेसुरले तिथेच सुटते. इस्त्री फिरवणे त्याहून वाईट. दोन टिपकागदांमध्ये फोटो ठेवून वर जाड पुस्तकांचे वजन आठवडाभर ठेवावे, एवढे पुरते. मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत जिलेटिन ठिसूळ होते, तेव्हा वळलेला फोटो जोर लावून उलगडला की नव्या चिरा पडतात. उलट मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात जिलेटिन दमट हवेने मऊ होते आणि फ्रेमच्या काचेला चिकटते. असा चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकटच स्कॅन करावा. बुरशी आलेल्या फोटोवर ओला बोळा फिरवण्याचा मोह हमखास होतो. पण बुरशीने जिलेटिन खाल्लेले असते, ते पाण्यात विरघळते आणि बोळ्याबरोबर चेहरा निघून येतो.

धुळीसाठी रबरी फुग्याचा पंप आणि मऊ केसांचा कुंचला ही दोन साधने पुरतात. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे कण उडतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. काचेवर थेट द्रव फवारला तर तो कडेने आत जातो आणि काचेच्या आतल्या बाजूला कायमचा धूसर पट्टा राहतो, म्हणून द्रव कापडावर घ्यावा. काच पुसून झाल्यावर एकदा काहीही न ठेवता स्कॅन करून पाहावे. ठिपका प्रत्येक स्कॅनमध्ये त्याच जागी आला तर तो काचेवरचा, आणि फोटो सरकवल्यावर त्याच्याबरोबर सरकला तर फोटोवरचा. ही साधी परीक्षा न करता शंभर फोटो स्कॅन केले, तर तोच केस शंभर ठिकाणी पुसत बसावे लागते.

यानंतर स्कॅनरची जात ओळखायची. घरोघरी प्रिंटरला जोडून येणारे पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस पद्धतीचे असतात. त्यांना काचेला अगदी टेकलेली वस्तूच स्पष्ट दिसते, मिलिमीटरभर वर उचललेले काही असेल तर ते धूसर येते. घडीचा उंचवटा आणि वळलेले कोपरे नेमके तेवढेच उचललेले असतात. सीसीडी पद्धतीचे स्कॅनर जाड आणि वजनदार असतात, त्यात आरसे आणि भिंग असते आणि काचेपासून थोड्या उंचीवरचेही स्पष्ट येते. आपला स्कॅनर कोणता हे माहितीपत्रकात सापडले नाही, तर स्टीलच्या पट्टीच्या एका टोकाखाली नाणे ठेवून ती तिरपी स्कॅन करावी. उचललेल्या टोकाकडचे आकडे पुसट झाले, तर घडीच्या फोटोसाठी तो स्कॅनर कामाचा नाही.

स्कॅनरचा दिवा आडव्या पट्टीसारखा असतो आणि ती पट्टी काचेखालून पुढे सरकते. साधारणपणे उजेड एकाच बाजूने तिरपा पडतो. त्यामुळे पट्टीला समांतर असलेला उंचवटा एका अंगाने चकाकतो आणि दुसऱ्या अंगाने सावली टाकतो. तोच उंचवटा पट्टी सरकते त्या दिशेने ठेवला, तर उजेड त्याच्या लांबीवरून जातो आणि सावली जवळजवळ पडत नाही. लग्नाच्या फोटोत घड्या दोन आणि एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून एका स्कॅनमध्ये दोन्ही सुधारणार नाहीत. फोटो एकदा उभा आणि एकदा नव्वद अंशांत फिरवून स्कॅन करावा. मग दोन्ही प्रतिमा एकावर एक थर म्हणून जुळवून, प्रत्येक घडी जिच्यात सौम्य आली आहे त्या प्रतिमेतून घ्यावी. या पाच-दहा मिनिटांच्या कामाने नंतरचे दोन तासांचे पुसणे वाचते. तरीही हे फारसे कोणी करत नाही, कारण स्कॅन करणाऱ्याला बटण दाबायची घाई असते. सत्तरीच्या दशकातल्या खरखरीत, रेशमी पोताच्या कागदांना हीच युक्ती थोड्या फरकाने लागू पडते. फोटो १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घ्यायचा आणि दोन्हींतला प्रत्येक बिंदू जिथे गडद असेल तो ठेवायचा, म्हणजे पोताची चकाकी बरीच जाते. फोटोच्या मागे काळा कागद ठेवला की पाठीवरचा शिक्का किंवा शाईचे अक्षर पुढे झिरपून दिसत नाही. पाठ मात्र वेगळी स्कॅन करावीच, कारण स्टुडिओचे नाव आणि तारीख तिथेच असते.

रिझोल्यूशनचा प्रश्न आला की मोठा आकडा म्हणजे चांगला स्कॅन, असे धरून चालतात. डीपीआय म्हणजे फोटोच्या एका इंचात किती बिंदू मोजायचे. छापलेल्या फोटोत टिपण्याजोगा तपशील मर्यादित असतो. भिंगातून आणि प्रयोगशाळेतल्या कागदावरून उतरताना तो आधीच कमी झालेला असतो. बहुतेक घरगुती प्रिंटमध्ये ३०० डीपीआयला जवळपास सगळे येते, आणि ६०० नंतर कागदाचा पोत आणि धूळच काय ती अधिक ठसठशीत होते. लग्नाचा फोटो ६०० ला घेतला तर २१०० गुणिले ३००० बिंदू मिळतात. छपाईला इंचाला ३०० बिंदू धरले, तर त्यातून सात बाय दहा इंचांची प्रत निघते, म्हणजे मूळ फोटोच्या दुप्पट. १२०० ला बिंदू चौपट होतात, फाइल चौपट होते, आणि नवरीच्या पापण्या मात्र तितक्याच पुसट राहतात.

याला अपवाद आहेत. १२० च्या फिल्मवरून थेट कागदाला चिकटवून काढलेले छोटे चौकोनी प्रिंट, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट, मोठे करताना होणारी हानी सोसलेले नसतात, म्हणून त्यांना १२०० चा फायदा होतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोलाही होतो, कारण तो मोठा करूनच छापायचा असतो. नेमका आकडा ठरवायचा तर चेहऱ्याचा लहानसा तुकडा ३००, ६०० आणि १२०० ला स्कॅन करून तिन्ही एकाच आकारात शेजारी ठेवावेत. नव्या आकड्याला पापणी, नथीचा मोती किंवा साडीची किनार अधिक उलगडली नाही, तर आधीचा आकडा पुरेसा. स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेला ९६०० सारखा आकडा बऱ्याचदा सॉफ्टवेअरने भरलेल्या बिंदूंचा असतो. यंत्राची खरी क्षमता ऑप्टिकल या शब्दापुढे दिलेली असते.

रिझोल्यूशनबद्दलची सर्वांत जुनी अपेक्षाभंगाची गोष्ट हार घालायच्या फोटोची आहे. घरातले माणूस जाते आणि त्याचा एकट्याचा फोटोच नसतो, म्हणून लग्नातल्या घोळक्यातून चेहरा उचलायचा ठरते. त्या घोळक्यात चेहरा समजा आठ मिलिमीटर उंचीचा आहे. ६०० डीपीआयला त्याचे १८९ बिंदू येतात, १२०० ला ३७८. भिंतीवरच्या फोटोत चेहरा चार इंचांचा हवा असेल, तर १२०० बिंदू लागतील. २४०० ला स्कॅन करूनही ७५६ च होतात, आणि त्यांतले बहुतेक कागदाच्या पोताचे असतात, माणसाचे नव्हेत. निगेटिव्ह शिल्लक असेल तर ती शोधणे हाच खरा उपाय. नसेल तर दीड इंचाचा चेहरा असलेला लहान फोटो करून तो रुंद पांढऱ्या माउंटमध्ये बसवणे बरे.

डीपीआयपेक्षा रंगांच्या खोलीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. २४ बिटच्या स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा या प्रत्येक घटकाच्या २५६ पायऱ्या असतात, ४८ बिटमध्ये ६५ हजारांहून अधिक. उतरलेला फोटो त्यांतल्या थोड्याच पायऱ्या वापरतो. दुरुस्ती म्हणजे त्या थोड्या पायऱ्या ताणून पूर्ण जिन्यावर पसरणे. पायऱ्या कमी असतील तर ताणल्यावर मध्ये फटी पडतात आणि गालावर, भिंतीवर पट्टे दिसू लागतात. लग्नाचा फोटो ६०० डीपीआय आणि ४८ बिटला टीआयएफएफ स्वरूपात सुमारे ३८ एमबीचा होतो, आजच्या डिस्कना ते ओझे नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली रंग सुधारण्याची, धूळ काढण्याची आणि धार आणण्याची सोय या वेळी बंद ठेवावी. कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करावा. चहाचा किंवा पिवळसर डाग निळ्या घटकात काळाकुट्ट दिसतो आणि लाल घटकात जेमतेम, त्यामुळे नुसता लाल घटक घेतला की डाग जवळजवळ नाहीसा होतो. थेट करड्या रंगात स्कॅन केले तर ही वाट बंद होते.

आता रंग. रंगीत प्रिंटमधली तीन द्रव्ये म्हणजे निळसर-हिरवे सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळे. त्या काळच्या कागदांत अंधारात ठेवूनही सर्वांत आधी उतरते ते बहुधा सायन. ऊन लागल्यामुळे होणारी झीज वेगळी असते. अंधारातली झीज उष्णता आणि दमट हवेने होते, म्हणून कपाटात जपून ठेवलेला अल्बमही लाल पडतो. सायनचे काम लाल उजेड शोषण्याचे. ते गेले की लाल उजेड अडत नाही, काळे केस तपकिरी होतात, आणि हिरवा शालू, जो सायन आणि पिवळ्याच्या मिश्रणाने हिरवा होता, मातकट होतो.

अशा फोटोला एकजात निळसर झाक द्यायचा प्रयत्न हमखास फसतो. झीज द्रव्याच्या प्रमाणात होते. गडद भागात सायन पुष्कळ होते, तिथे नुकसान पुष्कळ झाले. नवऱ्याच्या पांढऱ्या उपरण्यात सायन नव्हतेच, तिथे नुकसानही नाही. सगळीकडे सारखे सायन ओतले की उपरणे निळे पडते आणि केस तपकिरीच राहतात. म्हणून प्रत्येक घटक वेगळा ताणावा लागतो. गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये Levels या खिडकीत ते होते.

लग्नाच्या फोटोत नवरीच्या केसांतला सर्वांत गडद भाग ० ते २५५ या मापात लाल ११८, हिरवा ५२, निळा ४८ असा येतो. नवऱ्याच्या उपरण्यातला सर्वांत उजळ भाग लाल २३८, हिरवा २१४, निळा १७६. हे आकडे वाचले की दुखणे समोर उभे राहते. लाल घटकाचा तळ ११८ वर चढला आहे, म्हणजे सायन गेले आहे. निळ्याचा माथा १७६ वर अडला आहे, म्हणजे पांढरा भाग पिवळा पडला आहे. लाल घटकात खालचे टोक ११० आणि वरचे २४२, हिरव्यात ४२ आणि २२०, निळ्यात ४० आणि १८० असे लावले की केस तिन्ही घटकांत १५ च्या आसपास येतात आणि उपरणे २४७ च्या आसपास. टोके थोडी सैल ठेवली आहेत ती मुद्दाम. केस थेट शून्यावर आणले तर त्यांतल्या बटा मिटतात, उपरणे २५५ वर नेले तर त्याच्या चुण्या.

टोके जुळली तरी मधले भाग लालसरच राहतात. झीज प्रमाणात होत असल्याने मधल्या छटा सरळ रेषेत सरकलेल्या नसतात, वक्र रेषेत सरकलेल्या असतात. इथे मागची सिमेंटची भिंत उपयोगी पडते, कारण ती करडी असणार हे पक्के. ताणल्यावर ती लाल १५१, हिरवा १३१, निळा १२६ दाखवते. लाल घटकाचा मधला दांडा १ वरून ०.७९ वर आणि निळ्याचा १.०६ वर नेला की तिन्ही आकडे १३१ वर येतात, आणि त्याच क्षणी शालू हिरवा होतो. शेवटची तपासणी त्वचेवर करावी. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, आणि निळा सर्वांत कमी असतो. निळा हिरव्याच्या बरोबरीला आला तर माणूस आजारी दिसते. फोटोत खात्रीने करडे काही नसेल तर त्वचेवरच भिस्त ठेवावी लागते. फोटोची पांढरी कड संदर्भ म्हणून घेता येते, पण तीही पिवळी पडलेली असते हे ध्यानात ठेवून.

कधी लाल घटक एकटा उघडून पाहिला तर त्यात चेहरेच दिसत नाहीत, नुसती करडी भुरभुर दिसते. याचा अर्थ सायन पूर्ण गेले आणि ताणायला काही उरलेले नाही. अशा वेळी रंगांचा आग्रह सोडून हिरवा घटक तेवढा घ्यावा. मॅजेंटा द्रव्य अंधारात जास्त टिकते, त्यामुळे त्या घटकात तपशील शाबूत असतो आणि त्यातून नेटका कृष्णधवल फोटो निघतो. मुळातच सेपिया केलेल्या किंवा हाताने रंगवलेल्या स्टुडिओ फोटोंना तर ताणाताणीपासून दूरच ठेवावे. कुंचल्याने गालावर दिलेली गुलाबी छटा सॉफ्टवेअरला दोष वाटते.

ठिपके आणि रेघा पुसायचे काम रंगांनंतर करावे, कारण छटा ताणल्यावर आधी न दिसलेले ठिपकेही वर येतात. आधी पुसले तर दुसऱ्यांदा पुसावे लागतात. सरसकट धूळ काढणारे Despeckle सारखे फिल्टर बारीक ठिपका दिसला की घालवतात, आणि धूळ कोणती हे त्यांना कळत नाही. डोळ्यातली चमक, मंगळसूत्राचे मणी, मुंडावळीचे मोती, शालूची जरीची बुट्टी सगळे धुळीच्या भावात जाते. नवरीची नथ दुरुस्तीनंतर नुसती तार उरली असेल, तर फिल्टर फिरला असे समजावे. ठिपके हातानेच, मूळ प्रतिमेवर वेगळा थर घेऊन, पडद्यावर शंभर टक्के आकारात पुसावेत.

त्यासाठी दोन हत्यारे आहेत. Clone शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवते. Heal शेजारचा पोत उचलते, पण उजेड-छाया जागेवरचीच ठेवते. भिंतीवर, गालावर, कपड्याच्या सपाट भागावर Heal उत्तम चालते. पण घडी केस आणि भिंत यांच्या सीमेवरून जाते तिथे Heal केसांचा काळेपणा भिंतीवर फासते आणि काजळ पसरल्यासारखा डाग पडतो. तिथे Clone घ्यावे, ब्रश घडीच्या रुंदीपेक्षा किंचितच मोठा ठेवावा आणि उचलण्याची जागा वारंवार बदलावी. एकाच जागेवरून उचलत राहिले तर तोच ठिपका ओळीने पुन्हा पुन्हा उमटतो, आणि दुरुस्ती लगेच ओळखू येते. शालूच्या काठावर नक्षीची एक आवृत्ती मोडली असेल तर पुढची आवृत्ती उचलून नेमकी बसवता येते. जुन्या काठांचे हे एक उपकारच म्हणायचे.

आडवी घडी नवऱ्याच्या हनुवटीखालून जाते म्हणून निभावते. ती डोळ्यावरून गेली असती आणि जिलेटिन गळाले असते, तर दुसरा डोळा उलटा करून बसवण्याचा सल्ला कोणीतरी नक्की दिला असता. तो ऐकू नये. उजेड एका बाजूने पडलेला असतो, त्यामुळे उलटलेल्या डोळ्यातली चमक चुकीच्या अंगाला येते आणि चेहरा ओळखीचा राहत नाही. अशा जागी रेघेचा पांढरेपणा आजूबाजूच्या छटेइतका खाली आणून थांबावे. रेघ पुसट दिसत राहिली तरी चालते.

धार आणण्याचे काम, म्हणजे Unsharp Mask, सर्वांत शेवटी आणि छापायच्या आकाराला आणल्यावरच करावे. मूळ स्कॅन न बदलता टीआयएफएफमध्ये राहू द्यावा. थरांसह चालू फाइल वेगळी ठेवावी, आणि नातेवाइकांना पाठवायची जेपीजी प्रत तिच्यातून काढावी. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून साठवत गेले की दर वेळी थोडे घसरते. मोठी प्रत छापण्याआधी चेहरे, शालू आणि भिंत येतील असा चार इंचांचा तुकडा त्याच कागदावर छापून दिवसाच्या उजेडात पाहावा. पिवळ्या दिव्याखाली किंवा पडद्याची रात्रीची उबदार छटा चालू ठेवून ठरवलेला करडा दुसऱ्या दिवशी निळा निघतो.